मागवणं थांबवलेल्या गिऱ्हाइकांना कारण विचारायचं आहे? निमंत्रण असं लिहा

घरगुती मसाले, भाजण्या, लोणची विकणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत काही नावं अशी असतात की ती वर्षभर नियमाने मागवत होती आणि मग गप्प झाली. अशा लोकांना बहुतेक जण एकच मेसेज पाठवतात: ‘खूप दिवसांत ऑर्डर नाही, या महिन्यात २० टक्के सूट!’ त्यातून चार जण परत येतात. बाकीचे का गेले हे मात्र कळत नाही, आणि मग आपणच एक कारण ठरवून टाकतो. ते बहुधा ‘भाव’ असतं.

इथे आपण कारण विचारणाऱ्या मेसेजबद्दल बोलणार आहोत. छोटं सर्वेक्षण, त्याचं निमंत्रण आणि उत्तर देणाऱ्याला छोटासा मोबदला. उदाहरणासाठी समजा, कोथरूडमध्ये वैशाली नावाची एक बाई घरून गोडा मसाला, थालीपीठाची भाजणी आणि मेतकूट विकते. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात, पुण्यात मुलगा स्कूटरवरून पोचवतो, बाहेरगावी कुरिअर जातं. जूनमध्ये तिने गोड्या मसाल्याचा भाव वाढवला आणि तेव्हापासून गिऱ्हाइकं तुटली असं तिला वाटतं. बाई आणि तिचे आकडे कल्पनेतले आहेत, पण अडचणी अशाच येतात.

कोणाला विचारायचं

मेसेज लिहायला बसण्याआधी यादी करा. ‘मागवणं थांबवलं’ म्हणजे किती दिवस, हे मालावर अवलंबून असतं. गोडा मसाला दर अडीच-तीन महिन्यांनी मागवणारी व्यक्ती चार महिने गप्प असेल तर ती गेली असं म्हणता येत नाही. मधे सासरहून डबाभर मसाला आला असेल. साधा हिशेब असा की त्या माणसाच्या नेहमीच्या दोन ऑर्डरींतलं अंतर पाहायचं आणि त्याच्या दुप्पट वेळ लोटला असेल तरच नाव यादीत घ्यायचं. गोड्या मसाल्यासाठी हे साधारण सहा महिने येतात.

दुसरीकडे फार जुनी नावंही नकोत. दीड-दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्याला खरं कारण आठवत नाही. विचारलं तर तो आत्ता सुचेल ते सांगतो, आणि ते ऐकायला पटण्यासारखं असतं म्हणून जास्त फसवं. सहा ते पंधरा-सोळा महिने एवढा पट्टा पुरे.

यादीतून तीन प्रकारची माणसं बाजूला काढा. फक्त दिवाळीत मागवणारे, कारण ते गेलेले नाहीत, त्यांची वेळ आलेली नाही. एकदाच मागवून गेलेले, कारण त्यांची सवयच लागली नव्हती. त्यांना विचारायचं ते ‘पहिल्यांदा घेतल्यावर काय वाटलं’, आणि तो वेगळा फॉर्म होईल. आणि ज्यांनी जाताना तक्रार केली होती ते. बुरशी आलेल्या पाकिटाचा फोटो पाठवलेल्या माणसाला ‘तुम्ही का थांबलात?’ असा मेसेज गेला तर त्याचा अर्थ एवढाच होतो की आपण तेव्हा ऐकलं नव्हतं. त्यांना फोन करा.

वैशालीच्या यादीत एवढं गाळल्यावर ९६ नावं उरली. तिने त्यांचे दोन गट केले: शेवटची ऑर्डर भाववाढीच्या आधीची असून जूनपर्यंत जे आधीच गप्प झाले होते ते एक, आणि नव्या भावाने एकदा तरी घेऊन किंवा भाव विचारून मग थांबलेले दुसरे. याचा उपयोग पुढे दिसेल.

प्रश्न आधी, निमंत्रण नंतर

निमंत्रणात आपण ‘तीन प्रश्न, दोन-तीन मिनिटं’ असा शब्द देणार आहोत. तो पाळायचा तर प्रश्न आधी ठरलेले हवेत. नवीन माणूस हमखास बारा-पंधरा प्रश्न लिहितो, कारण एवीतेवी विचारतोच आहोत तर लोणच्याचंही विचारून घेऊ असं वाटतं. छोट्याशा मोबदल्यात बारा प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत.

‘तुम्ही मागवणं का थांबवलंत?’ हा प्रश्न थेट विचारला की उत्तर येतं: ‘तसं काही नाही हो, राहूनच गेलं.’ ओळखीच्या बाईला तोंडावर ‘तुमचा मसाला आता पूर्वीसारखा लागत नाही’ असं आपल्याकडे कोणी म्हणत नाही. म्हणून सुरुवात कारणापासून न करता घडलेल्या गोष्टीपासून करा:

१. आमच्याकडचा शेवटचा मसाला संपल्यावर पुढचा कुठून आणलात?
(दुसऱ्या घरगुती विक्रेत्याकडून / दुकानातून किंवा सुपरमार्केटमधून / ॲपवरून / घरी केला किंवा नातेवाइकांकडून आला / आमच्याकडचा अजून संपलेला नाही / आता फारसा लागत नाही)

२. तेव्हा आमच्याकडे न मागवण्याचं कारण आठवत असेल तर दोन ओळींत लिहा.

३. यांपैकी तुमच्या बाबतीत काय काय होतं? जे लागू असेल ते सगळं निवडा.
(किंमत / चव किंवा तिखटपणा / पाकिटाचा आकार / पोचायला लागणारा वेळ / कुरिअरचा खर्च / मेसेजला उशिरा उत्तर / मागवायचं लक्षात राहिलं नाही / यांपैकी काही नाही)

पहिल्या प्रश्नात मत द्यायचं नाही, फक्त आठवायचं आहे, म्हणून त्याचं उत्तर खरं येतं. आणि ते बरंच सांगून जातं. ‘घरी केला’ म्हणणारी आणि ‘ॲपवरून’ म्हणणारी व्यक्ती दोन वेगळ्या कारणांनी गेलेली आहे, मग दुसऱ्या प्रश्नात त्यांनी काहीही लिहो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांचा क्रम उलटा करू नका. आधी पर्यायांची यादी दाखवली की माणूस त्यातलंच एक उचलून मोकळ्या जागेत लिहितो. आपल्याला न सुचलेलं कारण फक्त कोऱ्या चौकटीत येतं, तेही चौकट आधी आली तरच.

‘आम्ही काय बदललं तर पुन्हा मागवाल?’ हा प्रश्न मी मुद्दाम गाळला आहे. त्याला बहुतेक जण ‘थोडं स्वस्त करा’ असं उत्तर देतात. ते खोटं नसतं, पण स्वस्त केल्यावर ते मागवतील असंही त्यातून निघत नाही.

मोबदला काय द्यायचा

सगळ्यात जास्त चूक इथे होते, म्हणून जरा थांबू. पुढच्या ऑर्डरवर सूट हा सगळ्यात सोयीचा मोबदला वाटतो. खिशातून काही जात नाही, वर गिऱ्हाईकही परत येण्याची आशा. पण ती सूट कोणाच्या उपयोगाची? जो पुन्हा मागवणारच होता त्याच्या. ज्याने चव आवडेनाशी झाली म्हणून सोडलं, ज्याला शेजारच्या गल्लीत दुसरा मसाला मिळाला, त्याला आपल्या २० टक्क्यांचं काय? तो फॉर्म उघडत नाही. मग आलेली उत्तरं जवळजवळ सगळी आपल्यावर खूश असलेल्यांची असतात: ‘छानच आहे, विसरायला झालं.’ ज्यांचं ऐकण्यासाठी खटाटोप केला त्यांनाच आपण दारात गाळून टाकलेलं असतं. बरं, हे उत्तरं पाहून कळतही नाही, कारण ती वाचायला गोड असतात.

म्हणून कसोटी एकच ठेवा: जो आपल्याकडून पुन्हा काहीही घेणार नाही, त्यालाही या मोबदल्याची तेवढीच किंमत असली पाहिजे. रोख रक्कम यात बसते. आपल्याच मेतकुटाचं पाकीट बसत नाही.

रक्कम ५० रुपये ठीक. १० रुपये दिले तर काही न देण्यापेक्षा वाईट दिसतं. ५०० म्हटलं तर आपल्याकडून कधीही न घेतलेली वहिनींची मैत्रीणही फॉर्म भरते, आणि यादीतला माणूसही पैसे मिळावेत म्हणून भराभर टिचक्या मारतो. ‘एका भाग्यवान विजेत्याला गिफ्ट हॅम्पर’ हा प्रकार तर नकोच. आपल्याला मिळणार नाही हे प्रत्येकाला माहीत असतं, आणि असे मेसेज भामट्यांनी इतके वापरले आहेत की वाचणारा तिथेच थांबतो.

मोबदला उत्तराआधी द्यावा की नंतर? टपालाने पाठवलेल्या प्रश्नावल्यांवर परदेशात बरंच संशोधन झालं आहे आणि त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: पाकिटात आधीच घातलेली नोट उत्तरांचं प्रमाण चांगलं वाढवते, ‘भरून पाठवा, मग देऊ’ या वचनाचा परिणाम त्यामानाने फारच थोडा होतो. पण हे जसंच्या तसं उचलून यूपीआयवर करू नका. न मागता खात्यात पैसे आले की आपल्याकडचा माणूस खूश होत नाही, घाबरतो. ‘चुकून पैसे आले, परत पाठवा’ म्हणत लुबाडणाऱ्यांच्या बातम्या त्याने वाचलेल्या असतात. त्यातल्या त्यात मधला मार्ग म्हणजे उत्तर आल्याबरोबर, त्याच दिवशी पैसे पाठवणं, आणि निमंत्रणात ‘त्याच दिवशी’ असं लिहिणं. मात्र लिहिलं की पाळावं लागतं. रात्री दहाला उत्तर आलं तर रात्री दहाला.

खर्चाचा अंदाज आधी करा. ९६ पैकी सगळ्यांनी भरलं तर ४,८०० रुपये. तसं होत नाही, तिसरा हिस्सा भरला तरी खूप म्हणायचं. पण झालंच तर देता आले पाहिजेत. ‘पहिल्या वीस जणांनाच’ अशी अट घातली तर एकविसाव्याला चिडवून ठेवाल.

निमंत्रण

आधी नेहमी दिसतो तसा मेसेज पाहू:

> नमस्कार! 🙏 आमच्या मौल्यवान ग्राहकांचा अभिप्राय आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. आमच्या सेवेत काही त्रुटी राहिल्या असल्यास क्षमस्व. कच्च्या मालाचे भाव वाढल्याने नाइलाजाने दर वाढवावे लागले, तरी गुणवत्तेत तडजोड नाही! खालील लिंकवर क्लिक करून छोटासा सर्व्हे भरा आणि पुढील ऑर्डरवर मिळवा २०% सूट!!

यात कोण बोलतंय ते कळत नाही, कोणाशी बोलतंय तेही कळत नाही. क्षमा मागून ठेवल्यामुळे वाचणाऱ्याला तक्रार करायला अवघड होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे भाववाढीचा विषय आपणच काढला आहे. आता प्रत्येक जण किंमतीवर खूण करणार आणि वैशालीला वाटणार, बघा, मी म्हणत होते ना! निमंत्रणात कुठलंही संभाव्य कारण लिहायचं नाही. ‘चव आवडली नाही का?’ हेही नाही, ‘उशीर झाला का?’ हेही नाही.

आता दुसरा:

> नमस्कार ____ताई, मी वैशाली, कोथरूडहून गोडा मसाला देते ती. फेब्रुवारीत तुम्ही अर्धा किलो गोडा मसाला आणि मेतकूट घेतलं होतं.
>
> त्यानंतर तुमची ऑर्डर आली नाही, म्हणून एक विचारायचं होतं. ज्यांनी मागवणं थांबवलं त्यांच्याकडून मी कारण समजून घेते आहे. तीन प्रश्न आहेत, दोन-तीन मिनिटं लागतील. फॉर्ममध्ये नाव किंवा नंबर विचारलेला नाही, कोणी काय लिहिलं ते मी शोधत बसणार नाही. जे असेल ते मोकळेपणाने लिहा.
>
> (इथे फॉर्मची लिंक)
>
> फॉर्म पाठवला की शेवटी एक शब्द दिसेल. तो मला इथे कळवा, त्याच दिवशी ५० रुपये यूपीआयने पाठवते. उत्तर काहीही असलं तरी, आणि पुन्हा कधी मागवलं नाही तरी. यूपीआय वापरत नसाल तर घरातल्या कोणाचा नंबर दिला तरी चालेल.
>
> येत्या रविवारपर्यंत भरलंत तर बरं. शंका वाटली तर याच नंबरवर फोन करा. उत्तर द्यायचं नसेल तर ‘नको’ एवढंच लिहा, याबद्दल पुन्हा मेसेज करणार नाही.
> – वैशाली

हा मेसेज लांब आहे, आणि तो तसाच असू द्या. त्यातली पहिली दोन वाक्यं सगळ्यात महत्त्वाची, कारण लॉक असलेल्या फोनच्या पडद्यावर तेवढीच दिसतात. ‘५० रुपये मिळवा’ तिथे आलं तर मेसेज फसवणुकीचा वाटतो. ‘फेब्रुवारीत अर्धा किलो गोडा मसाला’ ही गोष्ट कोणा भामट्याला माहीत असणार नाही, त्यामुळे तिथेच विश्वास बसतो. पैशाचा विषय लिंकच्या नंतर येतो, तेव्हा वाचणाऱ्याला कोण बोलतंय हे समजलेलं असतं.

‘पुन्हा कधी मागवलं नाही तरी’ हे पाच शब्द गाळावेसे वाटतील. परत न येण्याची आठवण कशाला करून द्यायची, असं मनात येतं. पण त्या शब्दांमुळेच हा विक्रीचा मेसेज नाही हे पटतं. त्याच कारणाने मेसेजखाली नवीन दरपत्रक, दिवाळी फराळाचा फोटो, ‘ताजी भाजणी तयार आहे’ असलं काहीही जोडू नका.

काकू म्हणत असाल तर काकूच लिहा, सर म्हणत असाल तर सर. एरवी ‘काकू, पाकीट तयार आहे’ असं बोलणारी बाई अचानक ‘आदरणीय ग्राहक’ म्हणायला लागली की पलीकडच्याला परकं वाटतं, आणि नंबर कोणी चोरला की काय अशी शंकाही येते.

पैसे पाठवताना एक लक्षात ठेवा. समोरच्याकडून फक्त नंबर किंवा यूपीआय आयडी घ्यायचा. क्यूआर स्कॅन करायला सांगू नका, ‘रिक्वेस्ट’ पाठवू नका. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही हे आता बहुतेकांना माहीत झालं आहे, आणि तसं काही सुचवलंत तर तुम्हीच भामट्यांच्या रांगेत जाऊन बसाल. पूर्वी त्यांनी यूपीआयने पैसे दिले असतील तर त्यांचा आयडी तुमच्या व्यवहारांच्या यादीत असतोच. ‘जिथून तुम्ही मागे पैसे दिले होते तिथेच पाठवू ना?’ असं विचारून मग पाठवा.

शेवटचा शब्द

मोबदला द्यायचा तर कोणी भरलं ते कळायला हवं. मोकळेपणाने लिहावं असं वाटत असेल तर कोणी काय लिहिलं ते कळता कामा नये. या दोन गोष्टी जुळवायला निमंत्रणातला तो शब्द आहे. गूगल फॉर्ममध्ये उत्तर पाठवल्यावर जी ओळ दिसते ती बदलता येते. `Settings` मध्ये `Presentation` खाली `Confirmation message` असतो, तिथे लिहा: ‘आभार! आता वैशालीला व्हॉट्सॲपवर जायफळ हा शब्द पाठवा.’ आता फॉर्ममध्ये नाव नाही, आणि व्हॉट्सॲपवर उत्तर नाही.

तुमच्या दोन गटांसाठी फॉर्मची प्रत काढून शब्द बदला, एकीला जायफळ, दुसरीला दगडफूल. भाववाढीच्या आधी गेलेले आणि नंतर गेलेले यांची उत्तरं आपोआप वेगळी साठतील आणि तरी कोणाचंही नाव कळणार नाही. उत्तरांच्या तक्त्यात वेळ नोंदलेली असते आणि व्हॉट्सॲपवरच्या शब्दाशी ती ताडून पाहिली तर कोणाचं कुठलं हे ओळखता येऊ शकतं. ताडून पाहू नका. शब्द दिला आहे.

त्याच `Settings` मध्ये आणखी दोन गोष्टी तपासा. `Collect email addresses` समोर `Do not collect` असू द्या, आणि `Limit to 1 response` बंद ठेवा. तो चालू असेल तर फॉर्म भरण्याआधी गूगल खात्यात लॉग-इन करावं लागतं, आणि साठीतल्या काकू तिथून परत फिरतात. तिसऱ्या प्रश्नाला `Shuffle option order` लावा, म्हणजे प्रत्येकाला पर्याय वेगळ्या क्रमाने दिसतील. पहिला दिसणारा पर्याय जास्त निवडला जातो आणि तो ‘किंमत’ असला की झालंच. लिंक गूगलचीच ठेवा. दुसरीकडून आखूड करून घेतलेली लिंक कुठे नेईल ते वाचून कळत नाही, म्हणून लोक ती उघडत नाहीत.

पाठवण्याआधी फॉर्म दुसऱ्या कोणाच्या तरी साध्या फोनवर उघडून, शेवटपर्यंत भरून पाहा. शब्द दिसतो का तेवढं बघायचं.

पाठवणं

ब्रॉडकास्ट लिस्ट वापरायचा मोह होईल. ब्रॉडकास्टचा मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे. सोडून गेलेल्यांपैकी कित्येकांनी तो काढून टाकलेला असतो, म्हणजे पुन्हा तीच माणसं गळतात जी हवी आहेत. शिवाय नाव आणि शेवटची ऑर्डर प्रत्येकाची वेगळी. तेव्हा एकेकाला पाठवा, रोज पंधरा-वीस. एका दिवसात शंभर लिंका पाठवल्या आणि त्यातल्या काहींनी ‘ब्लॉक’ किंवा ‘रिपोर्ट’ केलं तर व्हॉट्सॲप नंबरच बंद करू शकतं, आणि मग चालू गिऱ्हाइकंही गेली. एसएमएसच्या भानगडीत लहान विक्रेत्याने पडू नये. ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार व्यावसायिक एसएमएससाठी नोंदणी आणि मजकुराची मंजुरी लागते.

पहिल्या दिवशी दहाच जणांना पाठवा आणि दोन दिवस थांबा. कोणी फोन करून ‘हे खरंच तुम्हीच पाठवलंय का?’ असं विचारलं तर सुरुवातीची वाक्यं अजून स्पष्ट हवीत. फॉर्म भरले गेले पण शब्द आला नाही, तर शेवटची ओळ कोणाच्या लक्षात येत नाही. मोकळ्या चौकटीत सगळ्यांनी ‘छान आहे, असंच चालू ठेवा’ लिहिलं असेल तर नाव कळणार नाही यावर विश्वास बसलेला नाही. हे दुरुस्त करूनच पुढच्यांना पाठवा.

वेळ दुपारी दोन ते चार किंवा रात्री जेवणं आटोपल्यावरची. गणपती आणि दिवाळीच्या आठवड्यांत कोणालाही सर्वेक्षण नको असतं, तुम्हालाही वेळ नसतो.

आठवण एकदाच द्यायची, चार-पाच दिवसांनी, आणि ती अशी: ‘ताई, परवाच्या फॉर्मबद्दल. भरला असेल तर शेवटचा शब्द पाठवायचा राहिलाय, ५० रुपये द्यायचे आहेत. भरला नसेल तर रविवारपर्यंत आहे.’ कोणी भरला आणि कोणी नाही हे आपल्याला माहीत नाही, म्हणून दोघांनाही चालेल असं वाक्य. ‘नको’ म्हणणाऱ्यांना लगेच व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये तसं लेबल लावून ठेवा, नाहीतर आठवणीच्या दिवशी त्यांनाही मेसेज जातो.

उत्तरं वाचताना

वैशालीकडे ३१ फॉर्म भरले गेले आणि २८ जणांनी शब्द पाठवला. खर्च १,४०० रुपये. शब्द फॉर्मपेक्षा थोडे कमी आले तर काळजी नाही, काही जणांना पैसे नकोच असतात. शब्दच जास्त आले तर कोणीतरी तो दुसऱ्याला सांगितला आहे. पैसे फक्त यादीतल्या नंबरांना आणि एकदाच द्यायचे, म्हणजे त्याने नुकसान होत नाही.

तिसऱ्या प्रश्नात किंमतीवर ११ जणांनी खूण केली होती. पण कोऱ्या चौकटीत स्वतःहून किंमतीबद्दल लिहिणारे तिघेच. समोर दिसलं म्हणून निवडणं आणि आठवून लिहिणं यांत असा फरक पडतो, आणि दुसऱ्याचं वजन जास्त धरायचं. शिवाय खूण करणारे ११ जण दोन्ही गटांत जवळपास सारखे वाटलेले होते. भाव वाढण्याआधीच जे गेले होते तेही किंमत म्हणत असतील, तर जूनच्या भाववाढीने गिऱ्हाइकं तुटली हे म्हणणं टिकत नाही.

कोऱ्या चौकटीत वेगळंच काही होतं. नऊ जणांनी आपापल्या शब्दांत एकच गोष्ट लिहिली होती: ‘मुलगी बंगळूरला गेली, आता आम्ही दोघंच. अर्धा किलो संपता संपत नाही.’ ‘शेवटी शेवटी वास राहत नाही.’ पहिल्या प्रश्नातही ‘अजून संपलेला नाही’ आणि ‘फारसा लागत नाही’ निवडणारे बरेच होते. वैशाली चार वर्षं अर्ध्या किलोचंच पाकीट करत आली होती. दळलेल्या मसाल्यातली सुगंधी तेलं उडून जातात, त्यामुळे दोन माणसांच्या घरात सहा महिने चाललेला मसाला शेवटी फिका लागणारच. तो फिकेपणा एक-दोघांनी ‘चव’ या पर्यायावर टाकला होता. मसाला तोच होता, पाकीट मोठं होतं.

याची टक्केवारी काढत बसू नका. ३१ उत्तरांतून ‘२९ टक्के गिऱ्हाईक’ असं काही सिद्ध होत नाही, आणि ६५ जण तर बोललेच नाहीत. जे गप्प राहिले ते बोलणाऱ्यांसारखेच असतील असं गृहीत धरायला जागा नाही. ज्यांनी ‘नको’ म्हटलेलं नाही अशा पाच-सहा जणांना फोन करा, फक्त पहिला प्रश्न विचारा: पुढचा मसाला कुठून आणलात? तिथेही ‘अजून आहे की’ ऐकू आलं तर २०० ग्रॅमचं पाकीट करून पाहायला हरकत नाही. आणि फोनवर सगळे एखाद्या ॲपचं नाव घेऊ लागले तर फॉर्ममध्ये जे दिसलं ते अर्धंच चित्र आहे.

पैसे पाठवताना सोबत दोन ओळी लिहा: ‘५० रुपये पाठवलेत, मिळाले का बघा. तुमच्या सांगण्यावरून काही बदल केला तर कळवू का?’ जे ‘हो’ म्हणतील त्यांची वेगळी यादी करा. छोटं पाकीट तयार झालं की मेसेज त्यांनाच जाईल, तोही महिनाभराने. लगेच पाठवला तर आधीचे तीन प्रश्न म्हणजे विक्रीचीच युक्ती होती असं वाटेल, आणि पुढच्या वर्षी पुन्हा काही विचारायचं झालं तर याच माणसांकडे जावं लागणार आहे.